दोन रेषांमधले अंतर

श्रवणचाचणीनंतर रुग्णाच्या हाती जो कागद पडतो त्याला ऑडिओग्राम किंवा श्रवणालेख म्हणतात. माणसाला किती कमी ऐकू येते याची नोंद त्यावर असतेच, परंतु कानाच्या तज्ज्ञाची नजर आधी दुसऱ्या गोष्टीचा शोध घेते: बिघाड कानाच्या कोणत्या भागात आहे? ध्वनी आत पोहोचवणारी यंत्रणा अडली असेल तर त्या श्रवणदोषाला वहनदोषजन्य म्हणतात, आणि आत पोहोचलेल्या ध्वनीचे मज्जातंतूंच्या संदेशात रूपांतर करणारा भाग किंवा तो संदेश मेंदूकडे नेणारा तंतू निकामी झाला असेल तर त्याला संवेदी-मज्जातंतुजन्य म्हणतात. पहिल्या प्रकारातील अनेक दोष औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारू शकतात, तर दुसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा श्रवणयंत्राचाच आधार घ्यावा लागतो. हा निवाडा आलेखावरील दोन रेषांच्या परस्परसंबंधावरून केला जातो, आणि त्या दोन्ही रेषा दिसतात तितक्या निरपवाद नसतात.

आलेखाच्या आडव्या अक्षावर ध्वनीची वारंवारता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, हर्ट्झमध्ये मांडलेली असते. डावीकडे 125 किंवा 250 हर्ट्झचे खर्जातले स्वर आणि उजवीकडे 8000 हर्ट्झपर्यंतचे तीव्र स्वर येतात, व प्रत्येक टप्प्यावर वारंवारता दुप्पट होते. उभ्या अक्षावर डेसिबलमध्ये ध्वनीची पातळी असते, मात्र ती वरून खाली वाढत जाते, त्यामुळे रेषा जितकी खाली तितके ऐकणे कमी. या अक्षावरील शून्य म्हणजे शांतता नव्हे. निरोगी कानांच्या तरुणांना सरासरीने जेमतेम ऐकू येणारी ती पातळी आहे, आणि म्हणूनच उत्तम कानाच्या व्यक्तीची नोंद उणे 5 किंवा उणे 10 डेसिबल अशीही असू शकते. आलेखावरील प्रत्येक बिंदू हा त्या वारंवारतेचा श्रवण-उंबरठा असतो. तो ठरवताना स्पष्ट ऐकू येणाऱ्या स्वरापासून सुरुवात करून, प्रतिसाद मिळाला की 10 डेसिबलने पातळी उतरवतात व प्रतिसाद थांबला की 5 डेसिबलने चढवतात, आणि चढत्या क्रमात ज्या पातळीला निम्म्या किंवा त्याहून अधिक वेळा प्रतिसाद मिळतो ती पातळी नोंदवतात. मोजणीची पायरीच 5 डेसिबलची असल्याने एका चाचणीत 20 आणि दुसरीत 25 आले तर कान बिघडला असे मानण्याचे कारण नाही.

पहिली रेषा वायुवहनाची. कानावर लावलेल्या ईयरफोनमधून दिलेला स्वर कर्णनलिकेतील हवेतून पडद्यापर्यंत जातो, तेथून मध्यकर्णातील हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून पुढे सरकतो, आणि रिकिबीच्या तळपट्टीच्या हालचालीने कॉक्लिआ या आंतरकर्णातील शंखाकृती अवयवातला द्रव हलू लागतो. कॉक्लिआतील केसपेशी या हालचालीचे विद्युत्संदेशात रूपांतर करतात. हवेतला ध्वनी थेट द्रवावर आदळला तर त्यातला बहुतेक भाग परावर्तित होतो. पडद्याचे कंप पावणारे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळपट्टीच्या सुमारे 17 पट असल्यामुळे, आणि हाडांच्या तरफेमुळे त्यात आणखी थोडी भर पडत असल्यामुळे, हे नुकसान मध्यकर्ण बऱ्याच अंशी भरून काढतो. वायुवहनाची रेषा या संपूर्ण मार्गाचा हिशेब एकत्रित देते. ती खाली घसरली तर मार्गात कोठेतरी बिघाड आहे एवढेच कळते. कोठे, ते कळत नाही.

दुसरी रेषा अस्थिवहनाची. कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक घट्ट बसवून कवटीलाच कंप दिले, की ते हाडातून दोन्ही बाजूंच्या कॉक्लिआपर्यंत पोहोचतात आणि बाह्यकर्ण व मध्यकर्ण यांना बव्हंशी वळसा घातला जातो. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी 1932 मध्ये दाखवून दिले की हाडातून आलेला आणि हवेतून आलेला एकाच वारंवारतेचा स्वर योग्य प्रमाणात व विरुद्ध कलेत दिला तर ते एकमेकांना रद्द करतात आणि ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. मार्ग कोणताही असो, कॉक्लिआतील प्रक्रिया एकच असते, हे त्यातून स्पष्ट झाले. अस्थिवहनाची रेषा म्हणजे कॉक्लिआ व मज्जातंतू यांची स्वतःची क्षमता, असे जे ढोबळ गृहीतक वापरले जाते त्याचा आधार हाच. या गृहीतकातील ‘ढोबळ’ हा शब्द पुढे महत्त्वाचा ठरतो.

कागदावर उजव्या कानाच्या वायुवहनासाठी लाल वर्तुळ आणि डाव्यासाठी निळी फुली काढतात. अस्थिवहनासाठी उजवीकडे < आणि डावीकडे > अशी चिन्हे असतात, आणि चाचणीच्या वेळी दुसऱ्या कानात आवाज देऊन त्याला गुंतवून ठेवले असेल तर त्यांऐवजी [ आणि ] हे चौकोनी कंस येतात. कोनी चिन्ह आणि चौकोनी कंस यांतला हा फरक किरकोळ वाटतो, पण आलेख वाचताना आधी तोच पाहणे इष्ट.

दोन्ही रेषा सारख्याच प्रमाणात खाली गेल्या असतील आणि एकमेकींना चिकटून चालत असतील, तर ध्वनी हाडातून दिल्यानेही काही फायदा झालेला नाही, म्हणजे दोष आतच आहे. ही संवेदी-मज्जातंतुजन्य श्रवणदोषाची खूण. अस्थिरेषा वर सामान्य पातळीत आणि वायुरेषा खाली असेल, तर आतला भाग शाबूत असून ध्वनी वाटेत अडला आहे. ही वहनदोषाची खूण. अस्थिरेषाही घसरलेली आणि वायुरेषा तिच्याहूनही खाली असेल तर दोष मिश्र. दोन रेषांमधल्या या अंतराला दवाखान्यात सर्रास ‘एअर-बोन गॅप’ म्हणतात. मोजणीतल्या चढउतारामुळे 5 ते 10 डेसिबलचे अंतर निरोगी कानातही दिसू शकते, म्हणून साधारणतः 15 डेसिबल किंवा त्याहून अधिक अंतर, आणि तेही शेजारच्या वारंवारतांवर सलग दिसत असेल, तरच ते गांभीर्याने घेतात. या अंतराला वरची मर्यादाही आहे. मध्यकर्णाची यंत्रणा पूर्ण निकामी झाली तरी सुमारे 60 डेसिबलच्या पुढे ईयरफोनमधला आवाज स्वतःच कवटीला हलवू लागतो आणि हाडाच्या वाटेने कॉक्लिआत शिरतो; त्यामुळे केवळ वहनदोषाने आलेले नुकसान याहून फार मोठे असत नाही. एखाद्या आलेखात वायुरेषा 85 डेसिबलवर असेल तर त्यातला काही भाग आतल्या दोषाचा असणारच.

येथवरचे सूत्र एखाद्या विद्यार्थ्याला दहा मिनिटांत शिकवता येते. एक प्रत्यक्ष आलेख वाचायला घेतला की त्याच्या मर्यादा दिसू लागतात. समजा, पस्तिशीच्या एका स्त्रीला गेली काही वर्षे उजव्या कानाने हळूहळू कमी ऐकू येऊ लागले आहे, कान कधी वाहिलेला नाही, पडदा तपासणीत निरोगी दिसतो आणि डावा कान उत्तम आहे. उजव्या कानाची वायुरेषा 500 हर्ट्झवर 50, 1000 वर 45, तर 2000 आणि 4000 वर 40 डेसिबल आहे. डावा कान आवाजाने गुंतवून घेतलेली उजव्या बाजूची अस्थिरेषा 500 वर 10, 1000 वर 15, 2000 वर 25 आणि 4000 वर 15 डेसिबल आहे. दोन रेषांमधले अंतर त्या क्रमाने 40, 30, 15 आणि 25 डेसिबल होते. अंतर मोठे आणि सलग आहे, पडदा शाबूत आहे, खर्जातल्या स्वरांचे नुकसान अधिक आहे. रिकिबीच्या भोवती असाधारण हाड वाढून तिची तळपट्टी जखडली जाते त्या ओटोस्क्लेरोसिस या विकाराकडे हे सारे बोट दाखवते. साखळी ताठर झाली की आधी खर्जातले स्वर अडतात, म्हणून वायुरेषेचा डावा भाग अधिक खाली.

अडचण 2000 हर्ट्झवरच्या त्या 25 डेसिबलची आहे. सूत्र शब्दशः लावले तर असे म्हणावे लागेल की या स्त्रीची कॉक्लिआदेखील त्या वारंवारतेवर थोडी बिघडलेली आहे आणि दोष मिश्र आहे. अमेरिकी श्रवणतज्ज्ञ रेमंड कारहार्ट यांनी 1950 मध्ये नेमक्या या खळग्याचे वर्णन केले, आणि तो आजही ‘कारहार्ट नॉच’ या नावाने ओळखला जातो. रिकीब जखडलेल्या कानांत अस्थिरेषा सरासरीने 500 हर्ट्झवर 5, 1000 वर 10, 2000 वर 15 आणि 4000 वर 5 डेसिबलने खाली येते, असा हिशेब त्यांनी मांडला. याचे कारण कॉक्लिआत नाही. कवटी कंप पावते तेव्हा मध्यकर्णातली हाडे आपल्या जडत्वामुळे तिच्यामागे किंचित रेंगाळतात, आणि या मागेपुढे होण्याने रिकीब कॉक्लिआतल्या द्रवाला थोडा जादा धक्का देते. साखळीच्या स्वाभाविक अनुनादामुळे ही भर 2000 हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असते. म्हणजे अस्थिवहन मध्यकर्णाला पूर्ण वळसा घालत नाही, त्याच्याकडून काही मदत घेतच असते. रिकीब जखडली की ती मदत बंद होते, आणि कॉक्लिआ धडधाकट असूनही अस्थिरेषेत खळगा पडतो.

कारहार्टचे आकडे या स्त्रीच्या अस्थिरेषेतून वजा केले तर 5, 5, 10 आणि 10 डेसिबल उरतात, म्हणजे कॉक्लिआची खरी क्षमता सामान्य आहे. खळग्याचा खुलासा शस्त्रक्रियेनंतर अधिक ठळकपणे होतो. जखडलेली रिकीब काढून तिच्या जागी कृत्रिम भाग बसवण्याची शस्त्रक्रिया जॉन शी यांनी 1956 मध्ये केली, आणि आज तळपट्टीत बारीक छिद्र पाडून त्यात पिस्टन बसवण्याची स्टेपिडॉटमी ही तिची प्रचलित आवृत्ती आहे. अशी शस्त्रक्रिया यशस्वी झाली तर या स्त्रीची वायुरेषा 2000 हर्ट्झवर 15 डेसिबलपर्यंत वर येऊ शकते, म्हणजे पूर्वीच्या अस्थिरेषेच्याही 10 डेसिबल वर. आणि सोबतच अस्थिरेषेतला खळगाही भरून निघतो. शस्त्रक्रियेने कॉक्लिआ सुधारत नाही, हे माहीत असलेल्या वाचकाला यातून कळते की आधीची अस्थिरेषा कॉक्लिआची पूर्ण साक्ष देत नव्हती. एवढे मात्र लक्षात ठेवावे की असा खळगा केवळ ओटोस्क्लेरोसिसमध्येच आढळतो असे नाही. मध्यकर्णात द्रव साचल्यावरही तो दिसू शकतो, म्हणून एकट्या खळग्यावर निदान बेतता येत नाही.

मोठ्या आवाजाने इजा झालेल्या कानाच्या आलेखातही खळगा असतो, आणि नवखा वाचक दोहोंची गल्लत करतो. तो खळगा बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास असतो, 8000 वर रेषा पुन्हा थोडी वर येते, आणि मुख्य म्हणजे तेथे वायुरेषा व अस्थिरेषा दोन्ही एकत्र खाली उतरतात. केसपेशींचे नुकसान दोन्ही मार्गांनी आलेल्या ध्वनीला सारखेच भोवते. कारहार्टच्या खळग्यात केवळ अस्थिरेषा खचते, वायुरेषा तिच्या बरीच खाली आपल्या वाटेने जात असते.

आता वर उल्लेखलेल्या चौकोनी कंसाकडे वळता येईल, कारण आलेखवाचनातली सर्वांत महागडी चूक तेथे होते. कंपक उजव्या कानामागे ठेवला म्हणून उजव्याच कॉक्लिआची चाचणी झाली असे नसते. कवटी हा एकसंध सांगाडा असल्याने कंप दोन्ही कॉक्लिआंपर्यंत जवळजवळ सारख्याच पातळीने पोहोचतात, आणि उत्तर देते ती दोहोंतली चांगली कॉक्लिआ. ईयरफोनचा आवाजही सुमारे 40 डेसिबलपासून पुढे पलीकडच्या कॉक्लिआपर्यंत पोहोचू शकतो. कर्णनलिकेत बसणारे फोमचे इन्सर्ट ईयरफोन वापरले तर ही मर्यादा त्याहून वर जाते. म्हणून ज्या कानाची चाचणी नाही त्याला अरुंद पट्ट्याचा गोंगाट देऊन गुंतवून ठेवावे लागते; याला मास्किंग किंवा आच्छादन म्हणतात. गोंगाट टप्प्याटप्प्याने वाढवत गेले आणि तरीही सलग काही टप्पे चाचणीच्या कानाचा उंबरठा हलला नाही, तर मिळालेले उत्तर त्याच कानाचे आहे असे मानतात. गोंगाट पुरेसा नसेल तर दुसरा कान मध्येच उत्तर देत राहतो, आणि अति झाला तर तो गोंगाटच कवटीतून चाचणीच्या कानापर्यंत येऊन त्याला झाकोळतो.

हे न करता घेतलेला आलेख किती फसवू शकतो हे आणखी एका उदाहरणावरून दिसते. समजा, गालगुंडानंतर एखाद्या मुलाचा उजवा कान पूर्ण निकामी झाला आहे आणि डावा उत्तम आहे. आच्छादन न देता चाचणी केली तर उजव्या ईयरफोनमधला 50 ते 60 डेसिबलचा स्वर कवटीतून डाव्या कॉक्लिआला ऐकू जातो, मुलगा प्रामाणिकपणे बटण दाबतो, आणि कागदावर उजव्या कानाची वायुरेषा 50 ते 60 डेसिबलवर उमटते. कंपक उजव्या कानामागे ठेवला की डावी कॉक्लिआ 5 ते 10 डेसिबललाच उत्तर देते. परिणामी जेथे काहीच ऐकू येत नाही त्या कानाचा आलेख मोठ्या वहनदोषाचा, म्हणजे शस्त्रक्रियेने सुधारण्याजोगा, दिसतो. या रेषेला छायारेषा म्हणतात, कारण ती दुसऱ्या कानाची सावली असते. डाव्या कानात योग्य गोंगाट देताच दोन्ही रेषा यंत्राच्या कमाल मर्यादेपर्यंत घसरतात आणि प्रतिसाद नसल्याचे दर्शवणारे खाली वळलेले बाण उमटतात.

येथे एकोणिसाव्या शतकातले एक साधन आजही कामी येते. 512 हर्ट्झचा नादकाटा कपाळाच्या मध्यावर टेकवला की आवाज कोणत्या बाजूला ऐकू येतो हे विचारण्याची वेबर चाचणी 1834 पासून ज्ञात आहे. एका कानाला वहनदोष असेल तर आवाज त्या दोषी कानाकडे जातो, आणि दोष कॉक्लिआचा असेल तर चांगल्या कानाकडे. वरच्या मुलात तो डावीकडे जाईल आणि ओटोस्क्लेरोसिसच्या स्त्रीत उजवीकडे. आलेख एक सांगत असेल आणि नादकाटा दुसरे, तर चाचणी पुन्हा करणे हाच शहाणपणा. काट्याला जुनाट म्हणून बाजूला सारणारे दवाखाने हा पडताळा विनाकारण गमावतात.

अंतर खोटे असू शकते असे आणखी दोन प्रसंग वाचकाने ध्यानात ठेवावेत. पहिला प्रसंग तीव्र संवेदी-मज्जातंतुजन्य दोषाचा. समजा 250 हर्ट्झवर वायुरेषा 90 डेसिबल आहे आणि अस्थिरेषा 35, पण 1000 हर्ट्झपासून पुढे अस्थिवहनाला प्रतिसादच नाही. हे 55 डेसिबलचे अंतर बहुधा कानाचे नसून त्वचेचे असते: खर्जातल्या स्वरांना कंपकाची थरथर कातडीला जाणवते आणि रुग्ण ते ऐकले असे समजून बटण दाबतो. ‘ऐकू आले की नुसते जाणवले’, हा प्रश्न विचारणारा चाचणीकार ही चूक टाळू शकतो. दुसरा प्रसंग वृद्धांचा. कर्णनलिकेचे कूर्चेचे तोंड सैल झालेले असेल तर वरून दाबणाऱ्या हेडफोनने ते मिटते, आणि विशेषतः तीव्र स्वरांमध्ये वहनदोषासारखे अंतर दिसू लागते. इन्सर्ट ईयरफोनने पुन्हा मोजले की ते नाहीसे होते.

याउलट अंतर खरे असूनही मध्यकर्ण निर्दोष असल्याचा एक प्रकार 1998 मध्ये लॉइड मायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिला. आंतरकर्णातील वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचे हाड झिजून तेथे जणू एक जादा खिडकी उघडते, तिच्यातून हवेने आलेल्या ध्वनीची ऊर्जा निसटते आणि खर्जातल्या स्वरांत वायुरेषा खाली येते, तर अस्थिरेषा उलट शून्याच्याही वर जाऊ शकते. अशा रुग्णाला स्वतःची पावले किंवा डोळ्यांची हालचाल ऐकू येते, मोठ्या आवाजाने चक्कर येते. हा आलेख ओटोस्क्लेरोसिससारखा भासतो, परंतु मोठ्या आवाजाला मध्यकर्णातील स्नायू देतो तो आकुंचनाचा प्रतिक्षेप रिकीब जखडलेल्या कानात सापडत नाही, आणि येथे मात्र तो शाबूत असतो. रिकिबीची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी हा प्रतिक्षेप तपासण्याचे एक कारण हेही आहे.

अंतर न दिसणे हेदेखील नेहमी निर्णायक नसते. हाडावरचा कंपक साधारणतः 70 डेसिबलच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि खर्जात तर त्याहूनही कमी. वायुरेषा 95 डेसिबलवर असून अस्थिवहनाला प्रतिसाद नसल्याचा बाण 70 वर असेल, तर कॉक्लिआचा उंबरठा 75 आहे की 95, हे या आलेखावरून ठरत नाही. प्रगत ओटोस्क्लेरोसिसचा सुधारण्याजोगा भाग अशा बाणाआड लपून राहू शकतो.

श्रवणालेख हाती घेणाऱ्याने म्हणून आधी अस्थिरेषेवरची चिन्हे पाहावीत. एका कानात मोठे अंतर आहे, दुसरा कान चांगला आहे आणि तरीही चौकोनी कंसांऐवजी नुसती कोनी चिन्हे आहेत, असा आलेख शस्त्रक्रियेच्या निर्णयाला पुरेसा आधार ठरत नाही. आच्छादन देऊन केलेली चाचणी रुग्णाने मागून घ्यावी.